निर्यात करारात ‘अमुक देशाचा कायदा’ लिहिला, तरी सीआयएसजी लागू होतो: कसे ओळखायचे आणि वगळायचे कसे

निर्यातीचे करार तपासताना एक वाक्य मला सतत भेटते: ‘या कराराला जर्मनीचा कायदा लागू राहील.’ लिहिणाऱ्याला वाटते की कायद्याचा प्रश्न मिटला, आता जर्मन दिवाणी संहिता लागू. प्रत्यक्षात त्या वाक्यामुळे बहुतेक वेळा लागू होतो तो संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय मालविक्रीविषयीचा कायदा, म्हणजे सीआयएसजी. ११ एप्रिल १९८० रोजी व्हिएन्नात झालेले हे कन्व्हेन्शन, म्हणजे देशांनी आपसात केलेला करार, १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. जो देश ते स्वीकारतो, त्याच्या कायद्याचाच ते भाग होते. म्हणून ‘जर्मनीचा कायदा’ म्हटले की त्यात सीआयएसजी आलाच, आणि आंतरराष्ट्रीय मालविक्रीला देशांतर्गत विक्री कायद्याआधी तोच लागतो.

ही चूक सहसा कराराच्या वेळी कळत नाही. माल सदोष निघतो, नुकसानभरपाईची मागणी येते, आणि मग कळते की ज्या कायद्याच्या भरवशावर दर ठरवला तो कायदा लागूच नव्हता. म्हणून खालच्या पायऱ्या सही करण्याआधी आणि याच क्रमाने करा.

## १. तयारी: चार गोष्टी समोर ठेवा

पहिली गोष्ट, दोन्ही पक्षांची व्यवसायाची ठिकाणे. कंपनीची नोंदणी कुठे झाली हे इथे दुय्यम आहे. या सौद्याची बोलणी कोणत्या कार्यालयाने केली आणि माल कोणते कार्यालय पाठवणार किंवा घेणार, ते लिहून काढा.

दुसरी, सदस्य देशांची ताजी यादी. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या, म्हणजे अनसिट्रालच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशासमोर कन्व्हेन्शन अमलात आल्याची तारीख आणि त्याने केलेल्या घोषणा दिलेल्या असतात. नुसते देशाचे नाव पाहून यादी बंद करू नका. घोषणांचा रकाना तिसऱ्या पायरीत लागेल.

तिसरी, सौद्याचे सगळे कागद. कोटेशन, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, परचेस ऑर्डर, ऑर्डर कन्फर्मेशन, आणि या प्रत्येकाच्या मागे छापलेल्या अटी-शर्ती. कायद्याचे कलम अनेकदा मुख्य करारात नसतेच, ते ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असते, आणि दोन बाजूंच्या कागदांवर दोन वेगळी कलमे असतात.

चौथी, वाद कुठे चालणार: कोर्टात की लवादापुढे, आणि कोणत्या देशात. सीआयएसजी कोणत्या वाटेने लागू होतो हे काही वेळा यावरच ठरते.

तपासा: कराराची तारीख त्या देशात कन्व्हेन्शन अमलात आल्यानंतरची आहे ना? हाँगकाँगचेच पाहा. चीन १९८८ पासून सदस्य आहे, पण हाँगकाँगला हे कन्व्हेन्शन १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाले. त्याआधीच्या करारांचे उत्तर वेगळे येते.

## २. पहिली चाचणी: दोन्ही ठिकाणे सदस्य देशांत आहेत का?

विक्रेत्याचे आणि खरेदीदाराचे व्यवसायाचे ठिकाण दोन वेगळ्या देशांत आहे आणि ते दोन्ही देश सदस्य आहेत, एवढे जुळले की सीआयएसजी आपोआप लागू. करारात त्याचा उल्लेख असण्याची गरज नाही, आणि तो लागू होतो हे पक्षांना माहीत असण्याचीही गरज नाही. अनुच्छेद १ चा हा पहिला मार्ग. निर्यातदारांना सर्वाधिक अडचणीत आणतो तो हाच, कारण इथे गप्प राहणे म्हणजेच होकार.

पक्षांचे राष्ट्रीयत्व इथे मोजले जात नाही. एकाच देशात नोंदलेल्या दोन कंपन्यांमधला सौदा, एकीच्या परदेशातल्या शाखेने केला असेल, तर आंतरराष्ट्रीय ठरू शकतो. एका पक्षाची अनेक ठिकाणे असतील तर कराराशी आणि त्याच्या पूर्ततेशी सर्वांत जवळचा संबंध असलेले ठिकाण धरतात. हे अनुच्छेद १० मध्ये आहे.

२००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टापुढे असांते टेक्नॉलॉजीज विरुद्ध पीएमसी-सिएरा हा वाद आला. विक्रेत्याची नोंदणी अमेरिकेतली, पण सौद्याशी निगडित महत्त्वाचा व्यवहार झाला तो त्याच्या कॅनडातल्या ठिकाणाशी. खरेदीदार कॅलिफोर्नियातला. कोर्टाने सौदा आंतरराष्ट्रीय मानला. दोन्ही बाजूंच्या छापील अटींमध्ये कायद्याची कलमे होती, एकात कॅलिफोर्नियाचा कायदा, दुसऱ्यात ब्रिटिश कोलंबियाचा आणि कॅनडाचा. पण या कलमांनी सीआयएसजी वगळला गेला हे कोर्टाने मान्य केले नाही.

इशारा: समोरचा परदेशी आहे हे करारातून, आधीच्या व्यवहारातून किंवा पक्षांनी दिलेल्या माहितीतून दिसतच नसेल, तर ठिकाणे वेगळ्या देशांत असूनही सीआयएसजी लागू होत नाही. परदेशी विक्रेत्याच्या स्थानिक एजंटने स्वतःच्या नावाने सौदा केला, तर हा प्रश्न उभा राहतो. परचेस ऑर्डरवर दोन्ही पक्षांचे पूर्ण पत्ते लिहून घ्या.

## ३. दुसरी चाचणी: एक देश सदस्य नसेल तर

‘आमचा देश सदस्य नाही, मग आम्हाला काय’ हे मी फार ऐकतो. भारत आणि ब्रिटन सदस्य नाहीत, हे खरे. पण अनुच्छेद १ चा दुसरा मार्ग इथेच उघडतो: कोणता कायदा लागू करायचा हे ठरवणारे नियम एखाद्या सदस्य देशाच्या कायद्याकडे नेत असतील, तर त्या कायद्यासोबत सीआयएसजी येतो.

आणि तिकडे नेण्याचे काम बहुतेक वेळा आपणच लिहिलेले कलम करते. भारतातला विक्रेता, फ्रान्समधला खरेदीदार, करारात ‘फ्रान्सचा कायदा’. फ्रान्स सदस्य आहे, त्यामुळे सीआयएसजी लागू. कलम नसते तर युरोपीय संघातल्या देशांच्या कोर्टांत सर्वसाधारण नियमाने विक्रेत्याच्या देशाचा कायदा लागला असता, म्हणजे भारताचा १९३० चा मालविक्री कायदा. सदस्य नसलेल्या देशातल्या विक्रेत्याच्या करारात सीआयएसजी शिरतो, तो अशा एका ओळीने.

इथे घोषणांचा रकाना कामी येतो. अनुच्छेद ९५ नुसार देशाला हा दुसरा मार्ग नाकारता येतो. अमेरिका, चीन आणि सिंगापूर यांनी तसे केले आहे. म्हणून सदस्य नसलेल्या देशातला विक्रेता, अमेरिकी खरेदीदार आणि ‘न्यूयॉर्कचा कायदा’ अशा करारात अमेरिकी कोर्ट सहसा देशांतर्गत कायदा लावते. तोच करार लवादापुढे किंवा तिसऱ्या देशाच्या कोर्टात गेला, तर यावर वाद घालता येतो. घोषणा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, जे हवे ते करारात लिहा.

## ४. माल या कायद्यात बसतो का?

ही पायरी लवकर उरकते. घरगुती वापरासाठीची खरेदी, लिलाव, कोर्टाच्या आदेशाने होणारी विक्री, शेअर आणि रोखे, जहाजे, विमाने आणि वीज हे सगळे बाहेर आहे. ऑर्डरप्रमाणे बनवून देण्याचा माल आत आहे. अपवाद एवढाच, की लागणाऱ्या कच्च्या मालाचा मोठा भाग खरेदीदारानेच पुरवला असेल, किंवा विक्रेत्याच्या कामात मजुरी आणि सेवा हाच मुख्य भाग असेल, तर तो करार बाहेर जातो.

तपासा: यंत्र, ते बसवणे आणि प्रशिक्षण असा एकत्र करार असेल, तर प्रत्येक भागाची किंमत वेगळी दाखवा. मुख्य भाग कोणता हा प्रश्न आला की आधी हे आकडे पाहिले जातात.

## ५. वगळण्याआधी: वगळून काय मिळते?

‘सगळे वगळतात’ हे वगळण्याचे कारण होऊ शकत नाही. फरक नेमका कुठे पडतो हे एका कल्पित सौद्यावरून दाखवतो.

तुर्कस्तानातला एक व्यापारी जर्मनीतल्या कंपनीला ४,००० पितळी व्हॉल्व्ह विकतो. तो स्वतः व्हॉल्व्ह बनवत नाही, दुसऱ्या फाउंड्रीकडून घेतो. करार १२ जानेवारीचा, कायदा ‘जर्मनीचा’. दोन्ही देश सदस्य असल्यामुळे पहिल्याच चाचणीत सीआयएसजी लागू होतो. माल ३ मार्चला पोहोचतो. खरेदीदार ६ मार्चला २० व्हॉल्व्हवर दाबाची चाचणी घेतो, सगळे टिकतात. २० एप्रिलला बसवलेले व्हॉल्व्ह गरम पाण्याने गळू लागतात आणि तपासणीत ओतकामातली केसाएवढी बारीक भेग सापडते. २४ एप्रिलला तो लेखी कळवतो आणि गळतीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागतो.

सीआयएसजीखाली आधी कळवण्याचा प्रश्न. खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासायचा असतो आणि दोष दिसल्यावर किंवा दिसायला हवा होता तेव्हापासून वाजवी मुदतीत, दोष नेमका काय हे सांगून कळवायचे असते. हे अनुच्छेद ३८ आणि ३९. इथे वेळेवर नमुना तपासणी झाली, भेग त्या चाचणीत दिसणारी नव्हती, आणि कळल्यावर चार दिवसांत कळवले गेले. त्यामुळे त्याची बाजू भक्कम आहे. २४ एप्रिलऐवजी त्याने जूनअखेरपर्यंत वाट पाहिली असती तर बहुधा हक्क गेला असता. माल ताब्यात आल्यापासून दोन वर्षे ही कमाल मर्यादा आहे, तेवढी सवलत आहे असे समजू नका.

आता भरपाई. व्यापारी म्हणतो, ‘भेग फाउंड्रीत पडली, मला कळणे शक्य नव्हते, माझी चूक नाही.’ सीआयएसजीत हा बचाव जवळजवळ चालत नाही. भरपाईसाठी विक्रेत्याची चूक सिद्ध व्हावी लागत नाही, माल कराराप्रमाणे नाही एवढे पुरते. सुटका हवी तर अडथळा आपल्या नियंत्रणाबाहेरचा होता हे दाखवावे लागते, आणि माल कुठून घ्यायचा ही जोखीम विक्रेत्याचीच मानली जाते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २४ मार्च १९९९ च्या निकालात, द्राक्षवेलींच्या मेणाच्या प्रकरणात, पुरवठादाराच्या दोषाने विक्रेता सुटत नाही हे स्पष्ट केले.

हाच सौदा सीआयएसजी वगळून जर्मन दिवाणी संहितेखाली असता, तर चित्र बदलले असते. तिथे भरपाईसाठी विक्रेत्याचा दोष लागतो. तो गृहीत धरला जातो, पण खोडून काढता येतो, आणि निव्वळ व्यापाऱ्यावर उत्पादकाचा दोष सहसा लादला जात नाही. शिवाय व्यापाऱ्यांमधल्या विक्रीत खरेदीदाराने विनाविलंब कळवायचे असते, आणि ही मुदत सीआयएसजीच्या वाजवी मुदतीपेक्षा कडक धरली जाते. म्हणजे दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला इथे वगळण्यात खरा फायदा आहे, आणि खरेदीदाराला नाही. आपण सौद्याच्या कोणत्या बाजूला आहोत आणि वगळल्यावर कोणता कायदा येतो, हे पाहूनच ठरवा. देश बदलला की हे गणितही बदलते.

## ६. वगळण्याचे कलम लिहा

अनुच्छेद ६ पक्षांना सीआयएसजी पूर्ण वगळण्याची किंवा त्यातल्या तरतुदी बदलण्याची मुभा देतो. नेहमीच्या चुका अशा आहेत.

फक्त देशाचे नाव लिहिणे. २००३ मध्ये अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे बीपी ऑइल आणि इक्वेडोरची सरकारी तेलकंपनी यांचा पेट्रोलच्या गुणवत्तेवरचा वाद होता. करारात ‘इक्वेडोर प्रजासत्ताकाचे कायदे’ असे होते. कोर्टाने म्हटले, इक्वेडोर सदस्य आहे, म्हणून त्याच्या कायद्यात सीआयएसजी येतो, आणि वगळायचे होते तर पक्षांनी तसे लिहायला हवे होते.

इन्कोटर्म्सवर विसंबणे. एफओबी किंवा सीआयएफ लिहिल्याने माल कुठे सुपूर्द होतो, जोखीम कधी सरकते आणि खर्च कोण करतो एवढेच ठरते. बाकी सगळा सीआयएसजी जागेवर राहतो.

‘कायद्यांच्या संघर्षाचे नियम वगळून’ एवढीच पुस्ती जोडणे. हे नियम म्हणजे कोणत्या देशाचा कायदा लागू करायचा हे ठरवणारे. पहिल्या मार्गाने सीआयएसजी त्या नियमांच्या आधाराने येतच नाही, त्यामुळे ही पुस्ती त्याला अडवत नाही.

वगळणे, पण जागी काहीच न ठेवणे. तसे केले तर कोणता देशांतर्गत कायदा लागू हे वाद आल्यावर कोर्ट ठरवते.

कलमात म्हणून दोन भाग हवेत: एक होकारार्थी, एक नकारार्थी. करार ज्या भाषेत असेल त्या भाषेत, या अर्थाचे:

> या कराराला आणि त्यातून उद्भवणाऱ्या सर्व वादांना जर्मनीचा देशांतर्गत कायदा लागू राहील. आंतरराष्ट्रीय मालविक्री करारांविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे कन्व्हेन्शन (व्हिएन्ना, ११ एप्रिल १९८०) या कराराला लागू होणार नाही.

कन्व्हेन्शनचे पूर्ण नाव आणि तारीख लिहा. अमेरिकी कायदा निवडत असाल तर राज्याचे नाव आणि तिथला व्यापार कायदा ‘युनिफॉर्म कमर्शियल कोड’ दोन्ही लिहा, शिवाय नकारार्थी वाक्यही, कारण तिथे कन्व्हेन्शन फेडरल कायदा असल्यामुळे प्रत्येक राज्यात लागू आहे. ब्रिटनसारख्या सदस्य नसलेल्या देशाचा कायदा निवडला तर ते बहुधा वगळणेच मानले जाते, तरी मी नकारार्थी वाक्य सोडत नाही. एका ओळीत प्रश्न संपतो.

इशारा: मालविक्रीच्या दाव्यांच्या मुदतीबद्दल संयुक्त राष्ट्रांचे १९७४ चे वेगळे कन्व्हेन्शन आहे. ते स्वीकारलेले देश गुंतले असतील, तर सीआयएसजी वगळल्याने ते आपोआप वगळले जात नाही. त्याचेही नाव घ्या.

पूर्ण वगळायचे नसेल तर एखादा नियम बदला. ‘दोष माल मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवावा’ असे लिहिले की वाजवी मुदत कोणती हा वादच उरत नाही.

## ७. कलम करारात खरोखर शिरले का?

चांगले कलम आणि कच्चा कागद, ही जोडी मी सर्वांत जास्त पाहतो. वगळण्यावर सहमती झाली का, हे आधी सीआयएसजीच्याच प्रस्ताव-स्वीकाराच्या नियमांनी तपासले जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा.

कलम पहिल्या कोटेशनमध्येच ठेवा. इन्व्हॉइसवर पहिल्यांदा छापलेले कलम उशिराचे, कारण करार तोवर झालेला असतो आणि समोरच्याचे मौन हा होकार ठरत नाही.

अटींचा पूर्ण मजकूर सोबत पाठवा. ‘आमच्या अटी मागितल्यास मिळतील’ पुरत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २००१ च्या निकालात म्हटले, की अटी वापरणाऱ्याने त्यांचा मजकूर समोरच्याला पाठवायला किंवा दुसऱ्या मार्गाने उपलब्ध करून द्यायला हवा. बोलणी ज्या भाषेत झाली, अटीही त्याच भाषेत असाव्यात.

समोरच्याचे उत्तर ओळ न् ओळ वाचा. त्याच्या ऑर्डरवर वेगळा कायदा असेल तर तो बहुधा स्वीकार नसून नवा प्रस्ताव असतो. तुम्ही गुपचूप माल रवाना केलात तर तो प्रस्ताव मान्य केल्यासारखे होते, आणि त्याच्यासोबत त्याचे कायद्याचे कलमही. माल निघण्याआधी एक ईमेल करा: ‘कायद्याचे कलम आमच्या कोटेशनप्रमाणेच राहील, कृपया मान्यता कळवा.’ मान्यता आल्याशिवाय गाडी लावू नका.

तपासा: मुख्य करारावर, मूळ सहीजवळ किंवा त्याच पानावर, वगळण्याचे वाक्य आहे का? असेल तर मागच्या पानावरच्या अटींचा झगडा बहुतेक वेळा टळतो.

## ८. करार आधीच झाला असेल तर

सीआयएसजीखाली करार नुसत्या सहमतीने बदलता येतो, त्यामुळे उशीर झाला तरी दार बंद नाही. दुरुस्तीपत्रात मूळ कराराचा क्रमांक आणि तारीख, वरचे दोन भागांचे कलम, आणि ते वाटेत असलेल्या मालाला लागू आहे की पुढच्या खेपांपासून, हे लिहा. दोन्हीकडून सही घ्या. मूळ करारात ‘दुरुस्ती लेखीच’ असे कलम असेल तर फोनवरचा होकार चालणार नाही.

वाद कोर्टात पोहोचल्यावर दोन्ही वकिलांनी फक्त देशांतर्गत कायद्यावर युक्तिवाद केला, म्हणून सीआयएसजी वगळला गेला असे धरू नका. काही कोर्टांनी तसे मानले आहे. पण सीआयएसजीच्या सल्लागार परिषदेने २०१४ च्या सोळाव्या मतात म्हटले आहे, की वगळण्याचा हेतू स्पष्ट दिसायला हवा आणि असा युक्तिवाद एकट्याने पुरत नाही. दावा दाखल करण्याआधी दोन्ही बाजूंनी लागू कायद्याबद्दल लेखी निवेदन करावे, आणि एकमत होत नसेल तर दोन्ही कायद्यांखालचे मुद्दे पहिल्याच कागदात मांडावेत.

दोष कळवण्याच्या मुदतीला मात्र हा वाद थांबवत नाही. कायदा कोणता हे ठरायचे असले तरी खरेदीदाराने त्यातली सर्वांत कडक मुदत धरून कळवावे. विक्रेत्याने माल कधी पोहोचला, कधी उघडला आणि पहिली तक्रार कधी आली याच्या तारखा त्याच दिवशी नोंदवाव्यात.